तिसरी चढाई आणि शेवटची अडीच मिनिटे

प्रश्न : सर, मी सिन्नरला आमच्या मंडळाच्या पुरुष संघाला शिकवतो. 'डू ऑर डाय' चढाई साधारण किती वेळा यशस्वी होते? तिच्यामुळे सामन्यातल्या गुणांची चाल कशी बदलते? आघाडीवर असताना आम्ही दोन चढाया रिकाम्या काढून तिसरीपर्यंत थांबतो, ते बरोबर आहे का?

उत्तर :

नाशिक जिल्ह्यातल्या सामन्यांत मी आधी खेळाडू म्हणून, नंतर गुणलेखक म्हणून आणि आता बरीच वर्षे प्रशिक्षक म्हणून बसत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर क्लबपातळीवरच्या संघाची 'डू ऑर डाय', म्हणजे लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निम्म्यापेक्षा थोडी कमी वेळा साधते, आणि संघात खरोखर चांगला चढाईपटू असेल तर ती निम्म्याच्या थोडी वर जाते. पण हा आकडा जसाच्या तसा घेतला, तर आपली फसगत होण्याचा संभव आहे. म्हणून तो कसा वाचायचा हे आधी पाहू.

साध्या चढाईचे तीन निकाल असतात. चढाईपटू गुण घेऊन येतो, बाद होतो किंवा रिकामा परततो. तिसऱ्या चढाईत रिकामे परतणे उरतच नाही, कारण गुण न घेता परत आलेला किंवा 30 सेकंद संपवलेला चढाईपटू बादच ठरतो आणि समोरच्यांना एक गुण मिळतो. आता समजा, एखाद्या मुलाने 20 साध्या चढाया केल्या. त्यांपैकी 8 मध्ये गुण आले, 4 मध्ये तो बाद झाला आणि 8 रिकाम्या गेल्या. त्याचे यश 40 टक्के दिसेल. त्याच मुलाने 10 तिसऱ्या चढाया करून 5 मध्ये गुण आणले, तर त्याचे यश 50 टक्के दिसेल, आणि मंडळातले सगळे म्हणतील की दडपणाखाली हा जास्त चांगला खेळतो. प्रत्यक्षात उलटे आहे. ज्या 12 साध्या चढायांचा निकाल लागला, त्यांपैकी 8 त्याने जिंकल्या, म्हणजे तीनातल्या दोन. तिसऱ्या चढाईत मात्र तो दोनातली एकच जिंकतो आहे. तुलना करायची असेल, तर साध्या चढायांतून रिकाम्या वगळून करावी. तशी केली की माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक चढाईपटूचे तिसऱ्या चढाईतले यश घसरलेले दिसते. एकदोन मुले त्याला अपवाद निघतात, आणि तीच शोधायची असतात.

यश घसरण्याचे कारण धैर्यापेक्षा मैदानाच्या मापात आणि बचावाला मिळणाऱ्या सवलतीत आहे. पुरुषांच्या मैदानाचा अर्धा भाग मध्यरेषेपासून 6.5 मीटर खोल असतो. निदानरेषा 3.75 मीटरवर आणि बोनसरेषा त्यापुढे एक मीटरवर, म्हणजे 4.75 मीटरवर असते. बोनसरेषेमागे बचावाला 1.75 मीटरची पट्टी उरते. साध्या चढाईत त्या पट्टीत पाठ लावून उभे राहिल्याने बचावाला काहीच मिळत नाही, चढाईपटू निदानरेषा ओलांडून निघून जातो. तिसऱ्या चढाईत तीच जागा त्यांचे शस्त्र होते. काही न करता उभे राहिले तरी घड्याळ त्यांना गुण देते आणि बाहेर बसलेला एक गडी उठवून देते. पकडीत होणारी चूक टळते, दमछाक टळते. तिसऱ्या चढाईत बचावाचे पहिले काम पकड करणे नसून थांबणे आहे, हे मुलांना पटवायला मला दोन हंगाम लागले.

समोर किती गडी आहेत, यावर या चढाईचे रूपच बदलते. सहा किंवा सात असतील तर बोनस खुला असतो. मागचा पाय उचलून पुढच्या पायाने बोनसरेषा ओलांडली की एक गुण मिळतो आणि तिसऱ्या चढाईची अट पूर्ण होते. मात्र बोनसने आपला गडी उठत नाही आणि त्यांचाही कमी होत नाही. म्हणजे फळ्यावर एक गुण चढतो, मैदानावर मात्र काहीच हलत नाही. चार किंवा पाच गडी असतील तर बोनस बंद, गुण फक्त स्पर्शाचा. तो मिळवायला 1.75 मीटरच्या पट्टीत शिरावे लागते आणि परतताना पाच मीटर मोकळे अंतर कापावे लागते, तेही दोन्ही कोपरे मिटायला टपलेले असताना. माझ्या मते सगळ्यांत अवघड तिसरी चढाई हीच. तीन किंवा कमी गडी असतील तर जागा मोकळी मिळते, पण बचाव सुपर टॅकलच्या आशेवर असतो. एक बारकावा असा की सुपर टॅकलचा जादा गुण पकड केल्यावरच मिळतो. चढाईपटू वेळ संपून बाद झाला तर एकच गुण. त्यामुळे तीन गड्यांच्या बचावाला पुढे येऊन पकड करण्याचा मोह होतो, आणि तो मोहच चढाईपटूला उपयोगी पडतो.

म्हणून तिसऱ्या चढाईच्या यशाचा एकच आकडा विचारू नये. समोर सहा-सात असताना किती, चार-पाच असताना किती आणि तीनच्या आत किती, असे तीन वेगळे आकडे आपल्या वहीत असावेत.

आता गुणांच्या चालीकडे येतो. रिकाम्या चढायांची मोजणी संघाची असते, खेळाडूची नव्हे, आणि दोन्ही संघांची वेगवेगळी चालते. पहिल्या दोन चढाया दोन वेगळ्या मुलांनी रिकाम्या काढल्या तरी तिसऱ्याच्या माथ्यावर ती अट येते. दोन्ही संघ सावध खेळू लागले की एक गोष्ट आपोआप घडते. आपली पहिली रिकामी, त्यांची पहिली रिकामी, आपली दुसरी, त्यांची दुसरी, मग आपली तिसरी आणि तिच्या पाठोपाठ लगेच त्यांची तिसरी. चार चढाया फळा हलत नाही, आणि मग एका मिनिटात दोन निकाल लागतात. गुण जोडीने येतात. प्रेक्षकांना वाटते की सामना अचानक पेटला. गुणलेखकाला मात्र ते दोन मिनिटे आधीच दिसत असते, कारण त्याच्या कागदावर दोन्ही बाजूंना रिकाम्या चढायांच्या खुणा सारख्याच पुढे सरकत असतात.

या जोडीत दुसऱ्याने चढाई करणाऱ्याचा फायदा असतो. पहिल्या संघाचा चढाईपटू बाद झाला, तर दुसऱ्या संघाच्या चढाईपटूला समोर एक गडी कमी मिळतो. बाद झालेला बहुधा बचावातही उभा राहणारा असतो, म्हणून साखळी तुटते आणि जागा बदलाव्या लागतात. दोन निकाल एकाच बाजूने गेले तर दोन गुणांचा आणि मैदानावरच्या चार गड्यांचा फरक पडतो, कारण दोन आपले बसतात आणि त्यांचे दोन उठतात. लोणाची सुरुवात मी बहुतेक वेळा अशाच जोडीतून झालेली पाहिली आहे.

या नियमाने गुणांना एक तळही दिला. 40 मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाईला पुरते 30 सेकंद लागले असे धरले, तर 80 चढाया होतात, म्हणजे प्रत्येकी 40. दोन्ही संघांनी कितीही चेंगटपणा केला, तरी दर तिसऱ्या चढाईला निकाल लागणारच. प्रत्येकी 13 निकाल, आणि प्रत्येक निकालाला कोणाला ना कोणाला निदान एक गुण. दोघांचे मिळून 26 गुण झाल्याशिवाय सामना संपू शकत नाही. पूर्वी आघाडीवरचा संघ शेवटची दहा मिनिटे निदानरेषेला पाय लावून येण्यात घालवत असे. पंचवटीतल्या मैदानांवर असे सामने मी पाहिले आहेत, आणि एकदोन खेळलोही आहे, हे कबूल करतो. 2014 पासून प्रो कबड्डी लीग घराघरांत दिसू लागली आणि तिसऱ्या चढाईचा नियम खेड्यातल्या प्रेक्षकालाही तोंडपाठ झाला, तेव्हापासून तो प्रकार दोन चढायांपुरता उरला.

आपला खरा प्रश्न या दोन चढायांचाच आहे. त्याचे उत्तर माझ्या एका पराभवातून देतो, कारण चूक माझीच होती.

सामना पंचवटीत, मॅटवर, संध्याकाळच्या दिव्यांत चालला होता. साडेचार मिनिटे उरली असताना आम्ही 27-24 असे पुढे होतो. आमचे पाच गडी मैदानात, त्यांचे चार. चढाई आमची. मी बाकावरून हात खाली दाबून खूण केली, म्हणजे वेळ काढ. मुलगा निदानरेषा ओलांडून परत आला. त्यांची चढाईही रिकामी गेली, आमच्या बचावाने त्याला आत येऊच दिले नाही. साडेतीन मिनिटे उरली असताना आमची दुसरीही मी रिकामी काढायला लावली. त्यांची दुसरीही रिकामी गेली. बाकावर सगळे खूश होते. दोन मिनिटे गेली होती आणि आघाडी जशीच्या तशी होती.

घड्याळात 2 मिनिटे 30 सेकंद उरले तेव्हा गुणलेखकाच्या टेबलावरून "तिसरी" अशी हाक आली आणि मी काय करून बसलो ते माझ्या लक्षात आले. समोर चार गडी. बोनस बंद. मी आमचा सर्वांत चांगला चढाईपटू पाठवला. ते चौघे दोन-दोनच्या साखळीत अंतिम रेषेला टेकून उभे राहिले आणि हललेच नाहीत. त्याने डावीकडे पाय टाकला, उजवीकडे हात फिरवला, दोनदा मागे येऊन त्यांना बाहेर खेचायचा प्रयत्न केला. विसाव्या सेकंदानंतर त्याचे लक्ष कोपऱ्यावरून उडून पंचाकडे गेले, हे मला बाकावरून दिसत होते. शेवटी त्याने उडी घेतली ती एक वीत कमी पडली, आणि वेळ संपली. 27-25. आम्ही चार, ते पाच.

लगेच त्यांची तिसरी. इथे आम्हीही तसेच उभे राहिलो असतो, तर 28-25 होऊन सगळे भरून निघाले असते. पण आमच्या डाव्या कव्हरला राहवले नाही. चढाईपटूने अजून निदानरेषा धड ओलांडली नव्हती, दहाबारा सेकंदच झाले होते, आणि हा पुढे धावून कमरेला भिडला. मागून साखळी आलीच नाही. चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेवर घेऊन गेला. 27-26. आम्ही तीन, ते सहा. लागोपाठच्या दोन तिसऱ्या चढायांनी तीन गुणांची आघाडी एकावर आणली होती आणि पाचाविरुद्ध चार असलेले मैदान तीनाविरुद्ध सहा झाले होते. दीड मिनिट उरले असताना आमची चढाई रिकामी गेली. एक मिनिट उरले असताना त्यांनी आमच्या तिघांपैकी एकाला पाय लावला. 27-27, आम्ही दोन, ते सात. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आमचा मुलगा बोनसला गेला, पण मागचा पाय उचलायला त्याला उशीर झाला आणि उजव्या कोपऱ्याने घोटा धरला. 28-27 असे हरलो.

त्या रात्री घरी बसून मी घड्याळ उलटे मोजले. अडीच मिनिटे उरली आहेत आणि चढाई आपली आहे, असे धरा. प्रत्येक चढाई 30 सेकंद चालली तर आपल्या चढाया अडीच मिनिटांना, दीड मिनिटाला आणि अर्ध्या मिनिटाला, अशा तीन येतात. त्यांच्या दोन मिनिटांना आणि एक मिनिटाला, अशा दोन. आपण तिन्ही वेळा वेळच काढायचे ठरवले, तर या तीनपैकी नेमकी एक 'डू ऑर डाय' असणार. त्यातून सुटका नाही. मात्र ती कधी येईल, हे अडीच मिनिटांना आपल्या खात्यात किती रिकाम्या चढाया आहेत त्यावर ठरते. खात्यात दोन असतील तर पहिलीच चढाई निर्णायक ठरते, आणि ती फसली तर समोरच्यांना एक गडी कमी असलेल्या मैदानावर दोन चढाया मिळतात. खात्यात एक असेल तर ती दीड मिनिटाला येते आणि त्यांच्याकडे एकच चढाई उरते. खाते कोरे असेल तर ती अर्ध्या मिनिटाला येते. ती फसली तरी फक्त एक गुण जातो, आणि कमी झालेल्या गड्याचा फायदा घ्यायला वेळच उरत नाही. दोन किंवा जास्त गुणांची आघाडी असेल तर ती फसूनही आपण जिंकतो. एकाच गुणाची आघाडी असेल तर मात्र बरोबरी होते, म्हणून तेव्हा हे गणित चालत नाही.

आमच्या बाबतीत चूक वेळ काढण्यात नव्हती, ती चुकीच्या वेळी काढण्यात होती. साडेतीन मिनिटांची ती दुसरी चढाई मी गुणासाठी वापरायला हवी होती. समोर चारच गडी होते, गुण घेऊनच परत यायचे बंधन नव्हते आणि त्यांचा बचाव आम्ही वेळ काढणार असे गृहीत धरून सैल उभा होता. धावता हात लागला असता तर खाते कोरे झाले असते आणि आघाडी चारची. नसता लागला तरी तो सुखरूप परतू शकत होता, कारण साध्या चढाईत माघार घ्यायला मुभा असते. मुलगा पकडला गेला असता तर एक गुण आणि एक गडी गेला असता हे खरे, पण तेवढे आम्ही एक मिनिटानंतर तसेही घालवलेच, आणि तेही खाते कोरे होण्याला उशीर झाल्यावर.

तेव्हापासून माझ्या संघात दुसरी चढाई ही हल्ल्याची चढाई आहे. पहिली रिकामी गेली तर हरकत नाही, ती समोरचा बचाव कसा उभा आहे हे पाहण्यासाठी असते. दुसरीत जायचे ते गुणासाठीच, पण परतीचा रस्ता उघडा ठेवून. सामन्याच्या मधल्या भागात, आपले सात गडी असताना आणि त्यांचा मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असताना, दोन्ही चढाया रिकाम्या काढून त्याला बाहेरच ठेवायला मी आजही सांगतो, कारण तिथे वेळ जाण्यातच फायदा असतो. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र खात्यावर नजर ठेवून ठरवावे. आघाडी किती आहे याच्याइतकेच खात्यात किती रिकाम्या आहेत, हेही बाकावरून ओरडून सांगणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे ते काम राखीव खेळाडू करतो.

तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचे, याबद्दल माझे मत बहुतेक प्रशिक्षकांपेक्षा वेगळे आहे. समोर सहा-सात असताना मी मुख्य चढाईपटूला पाठवत नाही. तिथे उंच, लांब पायांचा आणि बोनस घेणारा दुसरा किंवा तिसरा मुलगा पुरतो. तो बाद झाला तरी पुढच्या चढायांची धार जात नाही. चार-पाच असताना मात्र खोलवर हात घालून परत सुटण्याची ताकद असलेला मुलगाच हवा, मग तो मुख्य असला तरी चालेल. त्याला एकच सूचना असते. पहिल्या दहा सेकंदांत एका बाजूला खोल जाऊन बचावाला सरकायला लाव, खरा हल्ला पंधरा ते बावीस सेकंदांच्या दरम्यान कर. पंचविसाव्या सेकंदानंतर घेतलेली उडी मी यशस्वी झालेली फार क्वचित पाहिली आहे, कारण तेव्हा ती उडी केव्हा येणार हे चढाईपटूइतकेच बचावालाही ठाऊक असते.

सरावासाठी चौघांना अंतिम रेषेला उभे करून, पकड करायला पूर्ण बंदी घालून, चढाईपटूला फक्त 20 सेकंद द्या. बचावाने फक्त जागा बदलून स्पर्श टाळायचा. आठवडाभरात दोन्ही बाजू शिकतात. चढाईपटूला खोली कळते आणि बचावाला हात बांधून उभे राहायची सवय लागते. आमच्या त्या डाव्या कव्हरला मी हात खरोखरच पाठीमागे धरायला लावून पंधरा दिवस उभे केले होते.

एक व्यावहारिक सूचना. गावोगावच्या मातीवरच्या स्पर्धांत हा नियम सगळीकडे सारखा लावला जाईलच असे धरून चालू नका. सामन्याआधी पंचांना आणि गुणलेखकाला विचारून घ्या की तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे का, आणि रिकाम्या चढायांची खूण ते कागदावर कुठे करतात. मग आपला राखीव खेळाडू त्या टेबलाच्या बाजूला बसवा.